तुम्ही विचारलंत म्हणून: गोंदवण्याआधीचे वाचन

"मॅडम, टॅटूच्या डिझाइनचा फोटो पाठवला आहे. बरोबर आहे की नाही, एवढंच सांगता का?"

नुसत्या फोटोवरून ते सांगता येत नाही. मजकूर कोणत्या भाषेतला आहे, हे मी आधी विचारते. कारण मराठीत 'शक्ती' दीर्घ लिहितात आणि संस्कृतात तोच शब्द 'शक्ति' असा ऱ्हस्व असतो.

गेल्या उन्हाळ्यात धरमपेठेतल्या एका मुलीने बृहदारण्यक उपनिषदातले 'अहं ब्रह्मास्मि' मनगटावर गोंदवायचे ठरवले होते. तिच्या फोटोत वरच्या ओळीत 'अहं ब्रम्हा' आणि खालच्या ओळीत 'स्मि' होते. आपण बोलताना 'ब्रम्ह' म्हणतो, म्हणून हातही तसाच वळतो. परंतु लिहिताना ह आधी आणि म नंतर येतो. फोटो मोठा करून पाहावा: अर्ध्या म-पुढे पूर्ण ह दिसला, तर जोडाक्षर चुकले आहे.

ओळ जिथे तोडली होती, तिथे अर्थही तुटत होता. ब्रह्म आणि अस्मि यांच्या संधीतून तो 'आ' आलेला आहे, तो ब्रह्मदेवाच्या नावातला नव्हे. म्हणजे 'ब्रह्मा' एका ओळीत आणि 'स्मि' दुसरीत टाकल्यास वाचणाऱ्याला चतुर्मुख देवच आठवणार. (तिलाही तोच अर्थ वाटत होता, हे नंतर कळले.) 'अहं' वर आणि 'ब्रह्मास्मि' अखंड खाली, एवढा बदल पुरेसा होता.

तिसरी चूक लेखनाची नव्हतीच. 'स्मि'मधला स पाय मोडून उभा होता आणि वेलांटी म-च्या उजवीकडे जाऊन तिची कमान रिकाम्या जागेवर लोंबत होती. ऱ्हस्व वेलांटी संगणकात व्यंजनानंतर साठवली जाते आणि पडद्यावर ती जोडाक्षराच्या आधी आणून ठेवण्याचे काम सॉफ्टवेअरचे असते. ते न झाल्यास असे चित्र दिसते. फोटोशॉपमध्ये World-Ready Layout निवडून तो मजकूर पुन्हा घेतल्यावर वेलांटी जागेवर आली. मग अक्षरांचे आकृतीत रूपांतर करूनच फाइल द्यायला मी सांगितले, कारण दुसऱ्या संगणकावर फॉन्ट नसला की अक्षरे पुन्हा विस्कटतात.

पुढे तिच्या आईने तेच शब्द इतवारीच्या सराफ्यात पेंडंटसाठी दिले. तिथे अडचण निराळी होती: पत्रा कापून केलेल्या अक्षरांत 'अहं'वरचा अनुस्वार कशालाच जोडलेला नसतो, त्यामुळे तो गळून पडतो, आणि शिरोरेषेला देठाने जोडला तर मात्रेसारखा दिसतो. कारागिराने दोन्ही नमुने कागदावर काढून दाखवले. शेवटी आईंनी सपाट पत्र्यावर अक्षरे कोरून घेतली. त्यात टिंब नुसते खोदायचे असते.