पोस्टरवरच्या पिल्लाची कविता: माझा अनुभव

आमच्या ओळखीतले काही जण रस्त्यावरच्या कुत्र्यांचं लसीकरण, नसबंदी वगैरे कामं करतात. त्यांच्या दत्तक मेळाव्याच्या पोस्टरसाठी पिल्लाच्या तोंडची छोटी कविता हवी होती. मी अधूनमधून कविता करतो, म्हणून काम माझ्याकडे आलं. सोबत नमुना म्हणून आधीच्या एका पोस्टरवरच्या ओळीही आल्या, ‘अशाच धर्तीवर, पण जरा नवीन’ या सूचनेसह:

आई माझी हरवली,
कुडकुडतो थंडीत;
घ्या ना कुणी उचलून,
ऊब द्या ना हो मिठीत!

अष्टाक्षरी चोख आहे आणि यमकही जुळलंय. मीही याच वळणाने चार ओळी लिहिणार होतो. त्याआधी सहज म्हणून मेळाव्याचं काम पाहणाऱ्या ताईंना फोन केला, की या ओळींनी फायदा किती झाला. त्या हसल्याच. म्हणाल्या, “फोन भरपूर आले. पण त्यातले निम्मे ‘आम्ही रस्त्यावरून एक पिल्लू उचलून आणलंय, आता काय करू?’ असे होते.”

त्यांचं म्हणणं असं, की रस्त्यावर एकटं दिसणारं पिल्लू बहुतेक वेळा हरवलेलं नसतं. आई खायला शोधायला गेलेली असते आणि भावंडं जवळच कुठेतरी असतात. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू तोडलं तर दूध तर तुटतंच, शिवाय आणखी एक गोष्ट राहून जाते. भावंडांशी खेळताना जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ थांबतो. दात किती रोवायचा हे पिल्लू त्यातून शिकतं. ज्याला ही शिकवणी मिळाली नाही ते नव्या घरात माणसांच्या हातावर प्रयोग करतं, आणि महिन्याभरात ‘हे फार चावतं’ म्हणून परत येतं. म्हणजे ‘आई हरवली, उचलून घ्या’ या दोन ओळी मेळाव्याच्या कामाच्या नेमक्या उलट दिशेला ओढत होत्या.

दुसरी अडचण त्यांनी जाता जाता सांगितली, पण माझ्यासाठी तीच सगळ्यात मोठी ठरली. “ते ‘कुडकुडतो’ नको. आमच्याकडे नर पिल्लं पटापट जातात, माद्या मागे राहतात. पुढे पिल्लं होतील म्हणून लोक घाबरतात. पोस्टरवरच ‘तो’ आला की येणारा माणूस ‘मेल आहे ना?’ विचारतच येतो.”

मग ‘कुडकुडते’ करायचं का? त्याने नुसती बाजू बदलते. लिंग न सांगणारं बोलणं हवं होतं, आणि मराठीत प्रथमपुरुषी बोलायला लागलं की ते क्रियापदातून लगेच बाहेर पडतं. वर्तमानकाळात बघतो, बघते; भूतकाळात आलो, आले. विशेषणंही फितूर: भुकेला, भुकेली, एकटा, एकटी. सगळं नपुंसकलिंगी करून ‘मी एकटं आहे’ म्हणता येतं, पण ओळीमागून ओळ तसं वाचताना कानाला खटकतं. कागद घेऊन मी उरलेल्या वाटा शोधल्या. ‘मला भूक लागते’ चालतं, ‘मी पाहिलं’ चालतं, ‘माझं घर’ चालतं. आणि एक काळ पूर्ण मोकळा मिळाला तो भविष्यकाळ. येईन, झोपेन, रडेन, वाढेन. नर असो की मादी, रूप एकच.

भविष्यकाळ हाती आला आणि कवितेचा स्वभावच बदलला. ‘माझं काय झालं’ हे सांगणारं पिल्लू दया मागतं. ‘मी काय करीन’ हे सांगणारं पिल्लू बोलणी करायला बसतं. आता त्याने खरं बोलायला हवं होतं, म्हणून ताईंना विचारलं, की पिल्लं परत का येतात? चावणं झालं, त्याशिवाय घरात शू करणं, वस्तू कुरतडणं, पहिल्या रात्री रडणं आणि ‘एवढं मोठं होईल असं वाटलं नव्हतं’. मी ही यादी जशीच्या तशी पिल्लाच्या तोंडी दिली. मंडळातल्या एकाने हरकत घेतली, की जाहिरातीत कुणी आपले दोष सांगतं का? ताई म्हणाल्या, “दोष वाचून जो येणार नाही, तो पिल्लू नेऊन परतच आणणार होता.”

सुरुवातीला मात्र पिल्लू आत्ता कुठे आहे हे सांगणाऱ्या चार ओळी हव्या होत्या, आणि त्यात त्याला खरोखर जे माहीत असेल तेच यायला हवं होतं. पिल्लाला ‘बेघर’ ठाऊक नसतं, ‘अनाथ’ ठाऊक नसतं, माणसाची निष्ठुरताही ठाऊक नसते. त्याला जमिनीपासून वीतभर उंचीवरचं जग ठाऊक असतं, म्हणजे बूट, चपला, चाकं, थांबलेल्या गाडीखालची ऊब. मी खाली बसून, मान वाकवून रस्ता पाहिला (शेजाऱ्यांनी काही विचारलं नाही, हे त्यांचे उपकार). तिथून चेहरे दिसतच नाहीत, दिसतात ते पाय. अखेर हे झालं:

उंची माझी बुटभर,
गाडीखाली माझं घर;
पाय खूप ओळखीचे,
चेहरा न आजवर.

चप्पल कुरतडीन,
अंथरूण भिजवीन;
रात्री जरा रडेनही,
सकाळी ते विसरीन.

भराभर वाढेन मी,
बुटभर न राहीन;
एक चेहरा मिळू दे,
जन्मभर ओळखीन.

अष्टाक्षरीत ओळीला आठ अक्षरं. जोडाक्षर एकच मोजायचं, त्यामुळे ‘चप्पल’ तीन अक्षरी आणि ‘रात्री’ दोन अक्षरी. ऱ्हस्वदीर्घाचं बंधन नाही, म्हणूनच पोस्टरला हा छंद सोयीचा. ज्याने आयुष्यात कविता वाचलेली नाही तोही उभ्या उभ्या ठेक्यात वाचतो. ‘कुरतडेन’ की ‘कुरतडीन’ यावर थोडी चर्चा झाली. सकर्मक क्रियापदाला ‘ईन’ आणि अकर्मकाला ‘एन’ हा जुना नियम, म्हणून ‘भिजवीन’ पण ‘रडेन’; ‘राहीन’ तेवढा अपवाद. हल्ली सर्रास ‘करेन’ बोलतात, त्याबद्दल माझं भांडण नाही. इथे नियम पाळला तो यमकाच्या लोभाने, हे उघड आहे.

‘ओळखीन’वरही एक शंका आली, की कुत्रं वासाने ओळखतं, चेहऱ्याने कुठे? नाक पहिलं हे खरंच. पण कुत्री माणसाच्या चेहऱ्याकडे बघतात आणि ओळखीचा चेहरा वेगळा काढतात, हेही तितकंच खरं. शिवाय चेहरा दिसायला माणसाला खाली बसावं लागतं. पोस्टर वाचणाऱ्याने मेळाव्यात नेमकं तेच करावं अशी माझी इच्छा होती. शेवटची ओळ तशीच ठेवली.

बारा ओळी पोस्टरला जास्त आहेत, हे छपाईचं बघणाऱ्या मुलाने लगेच सांगितलं. पोस्टर ए-२ आकाराचं, म्हणजे ४२० बाय ५९४ मिलिमीटर. दहा फुटांवरून आरामात वाचता यायचं तर अक्षर साधारण इंचभर उंच लागतं. देवनागरीत दोन ओळींमधलं अंतरही रोमनपेक्षा जास्त ठेवावं लागतं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आणि अनुस्वारांवर बसतात. त्या मापाने बारा ओळींनीच कागद भरला असता आणि फोटोला जागा उरली नसती. कविता कापावी असं ठरत होतं, पण तिचे तीन तुकडे तीन वेगळी कामं करत होते. शेवटी पहिलं कडवं इंचभर अक्षरात, रस्त्यावरून जाणाऱ्यासाठी, आणि उरलेली दोन निम्म्या आकारात, जो थांबून जवळ येईल त्याच्यासाठी. जवळ आलेल्याला कटकटींची यादी दाखवायला हरकत नाही.

छापखान्यातून आलेल्या पहिल्या नमुन्यात ‘रात्री’चा त मोडका, हलन्त दाखवणारा होता आणि ‘मिळू’ची वेलांटी भलत्याच अक्षरावर गेली होती. युनिकोडमधला मजकूर त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नुसता चिकटवला की असं होतं. आम्ही अक्षरांचं आकृतीत रूपांतर करून पीडीएफ पाठवली, म्हणजे त्यांच्याकडे फॉन्ट असो वा नसो, काही बिघडत नाही. तरी नमुना तपासताना मी आधी जन्मभर, चप्पल, रात्री, मिळू हे चार शब्द बघितले. हे नीट असतील तर बाकीचं सहसा नीट असतं.

कवितेखाली साध्या गद्यात चार ओळी गेल्या: पिल्लांचं वय आठवड्यांत, कोणती लस झाली, पुढची केव्हा, जंताचं औषध दिल्याची नोंद, आणि योग्य वयात नसबंदी करून घेण्याची हमी. हे कवितेत कोंबायचा आग्रह एकाने धरला होता, तो ताईंनीच मोडला. पिल्लांची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने द्यावी लागते. ही माहिती यमकात आली की कुणी ती गंभीरपणे घेत नाही.

मेळाव्याच्या दिवशी मी टेबलाच्या बाजूला उभा होतो. लोक ‘मेल आहे ना?’ विचारत होतेच, ते काही थांबलं नाही. पण त्याआधी ‘अंथरूण भिजवीन’वर प्रश्न येत होते. किती दिवस भिजवतं? ताईंचं उत्तर ठरलेलं, की जितक्या महिन्यांचं पिल्लू तितके तास धरून ठेवतं असा ढोबळ अंदाज, म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन तासांनी बाहेर न्यायचं, रात्रीसुद्धा. एक जोडपं हे ऐकून एकमेकांकडे बघत राहिलं आणि ‘सध्या जमणार नाही’ म्हणून निघून गेलं. ताईंच्या मते त्या दिवसाचा तो एक चांगला निकाल होता. कुरतडण्याबद्दल विचारणाऱ्यांना त्या सांगत, की दुधाचे दात चौथ्या महिन्याच्या आसपास पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत नवे येतात, तोवर चपला उंचावर ठेवा आणि चावायला त्याचं स्वतःचं काहीतरी द्या.

पुढच्या मेळाव्यासाठी ताईंनी पुन्हा फोन केला. या वेळी पिल्लं कमी आणि वयात आलेली कुत्री जास्त होती, तर तीच कविता चालेल का? चालणार नव्हती. चार वर्षांचं कुत्रं ‘उंची माझी बुटभर’ म्हणू शकत नाही, आणि वाढून झालेलं असल्यामुळे ‘वाढेन’चा सौदाही त्याच्याकडे नाही. त्याच्याकडे आहे तो मागचा काळ: कुणाच्या दारात राहिलं, काय शिकलं, कशाला घाबरतं. म्हणजे भूतकाळ आला आणि लिंग लपवायची सोय गेली. मी ताईंना विचारलं, काय करू? त्या म्हणाल्या, “या वेळच्या बहुतेक माद्याच आहेत आणि सगळ्यांची नसबंदी झालीय. आता लपवायचंय कशाला?” मग नव्या कवितेची पहिलीच ओळ ‘चार वर्षं राहिले मी’ अशी लिहून टाकली. आठ अक्षरं बरोबर भरली.