करंट कमी केला आणि धूर विरला

मे महिन्यातली दुपार. सोलापुरात पारा 43 च्या पुढे गेलेला, हवा कोरडी ठक्क. मी इथल्या एका वीजकेंद्रात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो आणि ईएसपी, म्हणजे धुरातली राख विजेच्या जोरावर पकडणारं यंत्र, माझ्याकडे आहे. कंट्रोल रूममधून फोन आला, "साहेब, चिमणी बघा जरा. मीटर 100 च्या वर गेलाय." तो चिमणीतून जाणारी राख मोजतो, आणि आमच्या संचाला दर घनमीटर धुराला 50 मिलिग्रॅम राखेची मर्यादा आहे.

ईएसपीत धुराच्या वाटेवर एकामागे एक कप्पे असतात, त्यांना फील्ड म्हणतात. पॅनलपाशी पोहोचलो तर शिफ्टमधल्या पोराने शेवटच्या दोन फील्डचा करंट चढवून ठेवलेला. धूर दिसला की वीज वाढवायची, हा सरळ विचार. एरवी तो चालतोही. पण मीटर उतरायच्या ऐवजी चढत होता.

"काय रीडिंग आहे?"

"साहेब, करंट 600 मिलिअँपिअर. पण व्होल्टेज 45 वरून 32 किलोव्होल्टवर आलंय. वीज पुरवणारा टीआर सेट तपासला, ठीक आहे."

करंट वाढतोय आणि व्होल्टेज पडतंय, ही जोडी दिसली की मी आधी प्लेटवरच्या राखेकडे बघतो.

ईएसपीत समोरासमोर उभ्या पोलादी प्लेटा असतात, जमिनीला जोडलेल्या, आणि मधोमध ऋण विद्युतदाबाच्या काटेरी तारा. तारेच्या टोकांशी हवा फुटून कोरोना, म्हणजे विजेची मंद झगमग, पेटतो आणि तिथून ऋण आयन प्लेटेकडे धावतात. वाटेत राखेचा कण आला की ते त्यावर चिकटतात. मायक्रॉनपेक्षा मोठ्या कणाचा भार सेकंदाच्या अंशात भरून जातो, कारण भारित झालेला कण पुढच्या आयनांना स्वतःच लोटू लागतो. साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या आतबाहेरचे कण मात्र पकडायला सगळ्यांत अवघड. आयन नेमाने आदळावेत इतके ते मोठे नसतात, आणि केवळ हवेतल्या धडपडीने भार गोळा व्हावा इतके बारीकही नसतात.

भारित कण मग प्लेटेकडे सरकतो, सेकंदाला पाच-दहा सेंटीमीटर. तार ते प्लेट अंतर वीसेक सेंटीमीटर, आणि धूर सेकंदाला मीटरभर पुढे जात असतो. म्हणजे प्लेट गाठायला दोन-चार सेकंद, आणि एका फील्डमधला मुक्कामही तेवढाच. शिवाय आतला धूर सरळ रेषेत वाहत नाही, घुसळत जातो. म्हणून एका फील्डवर भागत नाही, एकामागे एक लावावे लागतात.

कण प्लेटेवर बसला तरी काम संपत नाही. त्याचा भार राखेच्या थरातून झिरपून प्लेटेत जायला हवा. त्या आठवड्यात वेगळ्या खाणीचा कोळसा आला होता, गंधक फारच कमी. गंधकाच्या आम्लाची ओल राखेला थोडी वाहक करते. ती नसली की राख विजेला अडवते. उन्हाळ्याने चिमणीकडे जाणारा धूर 150 अंशांपर्यंत तापला होता, आणि अशा राखेचा विद्युत अवरोध साधारण त्याच टप्प्यावर सर्वांत जास्त असतो.

पोराला कागदावर मांडून दाखवलं. फील्डमधल्या प्लेटांचं क्षेत्र सुमारे 2000 चौरस मीटर. 600 मिलिअँपिअर त्यावर पसरले की दर चौरस सेंटीमीटरला 30 नॅनोअँपिअर. राखेचा अवरोध एकावर बारा शून्ये इतके ओहम-सेंटीमीटर धरला, तर थरात दर सेंटीमीटरला 30 हजार व्होल्ट उभे राहतात. अशा थरातली हवा साधारण 10 ते 20 हजारांतच फुटते. तसंच झालं होतं. थरात बारीक छिद्रं पडून तिथून धन आयन बाहेर येत होते, समोरून येणाऱ्या कणांचा ऋण भार पुसत होते. करंट दिसायला भरपूर, पण कण मात्र रिकामे. याला आम्ही बॅक कोरोना म्हणतो.

"म्हणजे करंट कमी करायचा?" पोराचा विश्वास बसेना.

खात्रीसाठी मी करंट हळूहळू उतरवला. तो उतरत असताना व्होल्टेज उलट वर चढलं. मग चार्जिंग अधूनमधून केलं: वीज दर अर्धचक्राला न सोडता पाचांपैकी एकालाच. तारा आणि प्लेटा मिळून कपॅसिटरच असतो, त्यामुळे मधल्या काळात दाब एकदम कोसळत नाही, कण ओढले जात राहतात. सरासरी करंट मात्र 100 मिलिअँपिअरच्या आसपास येतो. थरातला ताण 5 हजारांवर. आधी चढलेला थर उतरावा म्हणून प्लेटा झटकणाऱ्या हातोड्यांच्या ठोक्यांमधलं अंतरही कमी केलं, पण एका वेळी एकाच फील्डचं, नाहीतर झडलेली राखच चिमणीत जाते.

पहिल्या फील्डला हात लावला नाही. तिथे धूळ इतकी दाट असते की करंट आधीच दबलेला राहतो.

संध्याकाळपर्यंत मीटर 50 च्या खाली आला. तो कोळसा संपेपर्यंत हीच मांडणी ठेवली. नवा कोळसा आला की आता करंट वाढवत-उतरवत व्होल्टेजची रीडिंग घेतो आणि करंट-व्होल्टेजचा वक्र कुठे मागे वळतो ते बघूनच त्या फील्डच्या करंटची हद्द लावतो. ते काम तो पोरगाच करतो.