तारखा मागून मोजायच्या

27 ऑक्टोबर, रात्री

थंडीच्या गिफ्ट बॉक्सची चौकशी आज फोनवर आली. एका कंपनीतल्या एचआरच्या मॅडम होत्या. 140 पेट्या, प्रत्येकीत एक साबण, एक लिप बाम आणि बॉडी बटरची एक डबी. वर कंपनीचा लोगो. 20 डिसेंबरला ऑफिसात माल हवा. "अजून दोन महिने आहेत की," असं त्या सहज म्हणाल्या. मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि कॅलेंडर घेऊन बसले, मागून पुढे मोजायला.

20 ला पोचवायचं, तर वाहतुकीचे तीन दिवस आणि अडलं-नडलं तर दोन, म्हणजे माल 15 ला निघायला हवा. भरायला 12 ते 14. म्हणजे आतली प्रत्येक वस्तू 11 डिसेंबरला घरात तयार पाहिजे. बाम आणि बटर आठवड्याभरात होतात. अडतो तो साबण. थंड पद्धतीचा साबण दुसऱ्या दिवशी कापता येतो, हातात घट्ट लागतो, वापरताही येईल असा दिसतो, पण त्यातलं पाणी उडून वडी बसायला मी पाच आठवडे देते. 11 डिसेंबरच्या पाच आठवडे मागे गेलं की 6 नोव्हेंबर येतो. त्या दिवशी शेवटची वडी कापून फळीवर मांडलेली हवी.

माझ्या एका साच्यातून 30 वड्या निघतात. 140 पेट्यांना थोडे जास्तीचे धरून 150, म्हणजे पाच घाणे. साचे दोनच, त्यामुळे ओतायलाच तीन दिवस. सुरुवात 2 नोव्हेंबरला. तेलं आणायला एक दिवस. म्हणजे पक्की ऑर्डर आणि ॲडव्हान्स 31 ऑक्टोबरला हातात हवा. दोन महिन्यांचे उरले चार दिवस.

हे मला आधी कळलेलं असूनही गेल्या वर्षी एका ऑर्डरीत तीन आठवड्यांच्या वड्यांना कागदी पट्टे चिकटवले होते. पेटीत वडी आणखी सुकली, आकसली, आणि पट्टा सैल होऊन बांगडीसारखा खाली घसरला. उघडणाऱ्याला वाटलं असेल, कुणीतरी वापरून परत ठेवला. तक्रार एकच आली, पण फोटोसकट.

28 ऑक्टोबर

दुपारी पेटीवाल्याशी बोलले. छापील पेटी कमीत कमी 250. मला हव्यात 140 आणि फुटतूट धरून चार-पाच. उरलेल्या शंभराहून जास्त पेट्यांवर दुसऱ्या कंपनीचा लोगो आणि हिवाळ्याची नक्षी, म्हणजे माळ्यावरची अडगळ.

डब्याही शंभराच्या पुड्यातच मिळतात, त्यामुळे 200 घ्याव्या लागतील. पण त्याचं मला काहीच वाटत नाही. उरलेल्या डब्या रोजच्या विक्रीत जातात. कमीत कमी संख्येची भीती सगळीकडे सारखी नसते हे मला उशिरा कळलं. ज्या वस्तूवर गिऱ्हाइकाचं नाव किंवा मोसम छापलाय तीच वस्तू अंगावर पडते. म्हणून आता पेटी साधी घेते, एका रंगाची, बारा महिने चालेल अशी. लोगो आणि नक्षी वरच्या कागदी स्लीव्हवर, डिजिटल छपाईत. स्लीव्ह नगामागे महाग पडते, पण 145 हव्यात तर 145 च छापून मिळतात.

मॅडमनी विचारलं होतं, "वीस पेट्या वेगळ्या, मॅनेजर लोकांसाठी, दुसऱ्या डिझाइनच्या होतील का?" नाही म्हटलं. नमुना करणं, डिझाइन दाखवून मंजूर करून घेणं, दोनदा बदलणं, यात माझे दोन दिवस जातात, पेट्या वीस असोत की दोनशे. वीसच्या हिशेबात ते दोन दिवस प्रत्येक पेटीवर दहापट जड बसतात. एका डिझाइनच्या कमीत कमी 50 पेट्या, ही माझी अट यातून आली आहे. लोकांना तो नखरा वाटतो.

29 ऑक्टोबर

अपेक्षेप्रमाणे मॅडमनी पंधरा टक्के सूट मागितली. "एवढी मोठी ऑर्डर आहे."

ताईला समोर बसवून हिशेब मांडला. पेटीची विक्री किंमत 100 धरली, तर आतल्या तीन वस्तू 30, पेटी आणि स्लीव्ह 14, भरायचा कागदी किस, रिबन, कार्ड 5, मजुरी 9, बाहेरचं खोकं आणि वाहतूक 8, फुटतूट 3. झाले 69. उरले 31, आणि त्यातूनच वीज, फोन, नमुने, उशिरा येणारे पैसे. पंधरा टक्के सूट ऐकायला लहान वाटते, पण ती 31 मधून जाते, म्हणजे जवळजवळ निम्मा उरलेला पैसा.

"मग नाही म्हण," ताई म्हणाली. पण नुसतं नाही म्हणायला जीव होत नाही, म्हणून एक पेटी घड्याळ लावून भरून पाहिली. साडेसहा मिनिटं. त्यातलं दीड मिनिट एकट्या रिबनच्या गाठीला, आणि तीही वाकडीच. स्लीव्ह झाकण घट्ट धरून ठेवतेच, मग रिबन कशासाठी? ती काढली की रिबनचे 2 आणि मजुरीचे 2 वाचतात. 140 पेट्यांत साडेतीन तास. ते चार टक्के देऊ केले, आणि निम्मे पैसे आगाऊ ही अट तशीच ठेवली. मॅडम लगेच हो म्हणाल्या. त्यांना बहुतेक वरच्यांना सांगायला काहीतरी कमी झालेलं हवं होतं.

31 ऑक्टोबर

ॲडव्हान्स दुपारी चारला आला. मी दोनपासून फोन उलटा ठेवून बसले होते.

5 नोव्हेंबर

150 वड्या फळ्यांवर. पैकी एक वेगळी ठेवली, पाठीवर काडीने खूण करून. कापल्यावर 112 ग्रॅम. दर आठवड्याला हीच तोलायची.

26 नोव्हेंबर

खुणेची वडी: 106, 103, आज 101.5. अजून उतरतेय, पण हळू. लेबलवर 100 लिहिलंय, म्हणून कापताना मुद्दाम जाड धरली होती.

मॅडमचा निरोप: चाळीस जण घरून काम करतात, त्यांच्या पेट्या घरी पाठवता येतील का? येतील, पण ऑफिसात एकत्र नेण्याच्या दरात नाही. माझी पेटी बाहेरच्या खोक्यासकट 24 बाय 18 बाय 10 सेंटिमीटर. बरेच कुरिअरवाले हा गुणाकार 5000 ने भागतात आणि तेवढे किलो मोजतात: साधारण 0.86. काट्यावर ती भरते 0.52. म्हणजे पैसे हवेचे. पेटी मी आता बुटकी करू शकत नाही, पण बाहेरचं खोकं सैल होतं, ते घट्ट मापाचं शोधलं, उंची 8 वर आली, तर 0.69. या चाळीसांचं भाडं वेगळ्या ओळीत लिहून पाठवलं, आणि सगळे पत्ते 5 डिसेंबरपर्यंत एका शीटमध्ये मागितले.

11 डिसेंबर

खुणेची वडी 101. दोन आठवड्यांत अर्धा ग्रॅम. पट्टे लावायला घेतले. पत्ते सदतीसच आलेत.