सहा परिच्छेदांत एकच वाक्य

माझ्या पीएच.डी.चा विषय सोलापूर जिल्ह्यातल्या बचत गटांची कर्जं असा आहे. पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात सूक्ष्म कर्जावरचा एकटा भाग अकरा पानांचा झाला होता आणि मला त्याचा अभिमान होता. गाईड मॅडमनी पानं परत दिली तेव्हा एकही वाक्य खोडलेलं नव्हतं. सहा परिच्छेदांच्या शेवटी समासात पेन्सिलीने एकेक रेघ होती. "या सहा ओळी सलग मोठ्याने वाच," एवढंच त्या म्हणाल्या.

घरी येऊन वाचल्या. "बॅनर्जी व इतर (२०१५) यांना हैदराबादमध्ये कुटुंबाच्या उत्पन्नात लक्षणीय वाढ आढळली नाही." "क्रेपाँ व इतर (२०१५) यांनाही मोरोक्कोत लक्षणीय वाढ दिसली नाही." "त्याचप्रमाणे बोस्नियात..." पुढे इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया. देश आणि नावं बदलत होती, वाक्य तेच. हे सहाही अभ्यास अमेरिकन इकॉनॉमिक जर्नलच्या अप्लाइड इकॉनॉमिक्स मालिकेत, जानेवारी २०१५च्या एकाच अंकात आले आहेत. मी त्यातला एकेक लेख वाचत गेले होते आणि वाचलेल्या क्रमाने लिहीतही गेले होते. परिच्छेदाची सुरुवात दर वेळी संशोधकाच्या नावाने होत होती, मुद्द्याने एकदाही नाही.

पहिली दुरुस्ती मी घाईत केली. सहा वाक्यांचं एक वाक्य केलं: "सूक्ष्म कर्जाने उत्पन्न वाढत नाही, हे अनेक अभ्यासांतून सिद्ध झाले आहे." कंसात सहाही संदर्भ ओळीने टाकले. पानं अकराची पाच झाली. मॅडमनी या वेळी मात्र वाक्य खोडलं. "वाढलेलं दिसलं नाही, हे त्यांनी लिहिलंय. वाढत नाही, हे तू लिहिलंस."

हा फरक मला हैदराबादच्या अभ्यासाकडे परत गेल्यावर नीट कळला. तिथे १०४ वस्त्यांपैकी ५२ वस्त्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून त्यांत कर्ज देणाऱ्या संस्थेने आधी शाखा उघडल्या. पण दीडेक वर्षानंतर पाहणी केली, तेव्हा सूक्ष्म कर्ज घेतलेल्या कुटुंबांच्या प्रमाणात दोन्ही प्रकारच्या वस्त्यांत जेमतेम आठ-साडेआठ टक्क्यांचा फरक होता. म्हणजे शंभर घरांमागे आठच घरं जास्तीची. समजा, त्या आठ घरांना महिन्याला ५०० रुपये जास्त मिळू लागले. शंभर घरांची सरासरी काढली की ते ४० रुपये होतात. घराघरांतल्या उत्पन्नाच्या चढउतारात ४० रुपये कुठल्या कुठे हरवून जातात. मोरोक्कोतही तेच: कर्ज उपलब्ध झालेल्या गावांत ते घेणारी कुटुंबं सुमारे १३ टक्के. अशा ठिकाणी 'लक्षणीय नाही' याचा अर्थ 'परिणाम शून्य' असा घेता येत नाही. सहा वाक्यं एकत्र करताना मी त्यांतली सावधगिरीच कापून टाकली होती.

मग एक्सेलमध्ये तक्ता केला. प्रत्येक संदर्भाला एक ओळ आणि रकाने पाचच: माहिती कुठली व कधी गोळा केलेली, कर्ज कुणाला आणि कसं दिलं, किती जणांनी घेतलं, उत्पन्नाबद्दल काय आढळलं, आणि या अभ्यासात दुसरीकडे न दिसलेलं काय आहे. भरायला चार दिवस लागले, कारण गोषवाऱ्यावरून तो भरता येत नाही. प्रत्येक लेखाचा पद्धतीचा भाग उघडावाच लागतो.

पहिल्याच रकान्यात मला धक्का बसला. माझ्या या भागात एकूण अकरा संदर्भ होते, पण तीन ओळींत 'हैदराबाद, १०४ वस्त्या' हेच लिहिलं गेलं. एक सुरुवातीचा मसुदा, एक २०१३चा वर्किंग पेपर आणि एक २०१५चा छापील लेख. तिन्ही एकाच अभ्यासाचे टप्पे, आणि मी त्यांना तीन वेगवेगळे पुरावे म्हणून मांडलं होतं. जानेवारी २०१५च्या अंकाचा प्रस्तावनालेख आणि रेचेल मीगर यांचा २०१९चा लेख हेही मी स्वतंत्र अभ्यास धरले होते. प्रस्तावनेत त्याच सहा अभ्यासांचा गोषवारा आहे. मीगर यांनी त्या सहांची आणि फिलिपिन्सच्या आणखी एका अभ्यासाची आकडेवारी एकत्र घेऊन नवं विश्लेषण केलं आहे. फिलिपिन्सचा मूळ लेखही माझ्या यादीत होताच. म्हणजे अकरा संदर्भांमागे मुळातली माहिती सातच ठिकाणची. लेखकांची नावं, गाव किंवा शहर, पाहणीचं वर्ष आणि नमुन्याचा आकडा यांतल्या तीन गोष्टी जुळल्या की थांबून तपासायचं, असं मी तेव्हापासून करते. वर्किंग पेपर आणि छापील लेख दोन्ही असतील तर छापील ठेवायचा. एकत्रित विश्लेषण ठेवायचं, पण 'यांनाही हेच आढळलं' या रांगेत त्याला बसवायचं नाही, कारण त्यात तेच आकडे पुन्हा मोजलेले असतात.

शेवटच्या रकान्याने मात्र प्रकरणच बदललं. मंगोलियात काही गावांत बायकांना गटाने कर्ज दिलं होतं आणि काही गावांत एकेकटीला. गटकर्जाच्या गावांत घरातला खाण्यावरचा खर्च आणि बायकांचे व्यवसाय वाढलेले दिसले. वैयक्तिक कर्जाच्या गावांत खाण्यावरच्या खर्चात तसं दिसलं नाही. माझा विषय बचत गटांचा असूनही हे मी अर्ध्या ओळीत उरकलं होतं! बोस्नियात कर्जदारांच्या घरातली १६ ते १९ वयाची मुलं घरच्या धंद्यात जास्त राबू लागली होती. मोरोक्कोत कर्ज घेतलेल्यांचा स्वतःच्या धंद्यातला नफा वाढला, पण बाहेरच्या मजुरीची कमाई घटली. बेरीज जवळपास तिथेच राहिली, आणि म्हणूनच 'उत्पन्नात लक्षणीय वाढ नाही' हे वाक्य तिथे खरं ठरलं.

यावर मी बराच वेळ अडकून राहिले. सोलापुरात बिडी वळणाऱ्या बाईने गटातून कर्ज काढून शिलाई मशीन घेतलं आणि रोजच्या बिड्या कमी केल्या, तर तिच्या घरात तेवढेच पैसे येतील. माझ्या जुन्या सहा परिच्छेदांच्या हिशोबाने तिच्या आयुष्यात काहीच घडलेलं नसेल.

सगळ्यांत समान असलेला निष्कर्ष आता दोनच वाक्यांत आहे: "सहा देशांतील यादृच्छिक प्रयोगांत सूक्ष्म कर्जामुळे कुटुंबाच्या एकूण उत्पन्नात सरासरी लक्षणीय वाढ आढळली नाही. मात्र हैदराबाद व मोरोक्को येथे कर्ज घेणाऱ्यांचे प्रमाण कमी असल्याने तेथील सरासरीवरून कर्जदारांवरील परिणाम लहान होता, असे ठरवता येत नाही." कंसात सहाच संदर्भ. त्यापुढे मंगोलिया, मोरोक्को आणि बोस्निया यांना एकेक पूर्ण परिच्छेद दिला आणि प्रत्येकाची सुरुवात निष्कर्षाने केली. इथिओपिया आणि मेक्सिको फक्त त्या कंसात उरले. मेक्सिकोचा परिच्छेद काढताना जीवावर आलं, कारण त्यावर मी आठवडा घालवला होता. पण माझ्या प्रश्नाला लागणारं वेगळं असं त्यात मला सापडलं नाही.

हा भाग आता साडेचार पानांचा आहे. प्रश्नावलीत उत्पन्नाचा एकच प्रश्न होता, तो मोडून दोन केले: कर्जाआधी आठवड्यातले किती दिवस बिड्या वळायचात, आणि आता किती दिवस वळता?