रेसिपीचं टॉप शूट: टेबल क्लॅम्प काढला, स्टँड जमिनीवर आणला

फोनने वरून रेसिपी टिपण्यासाठी टेबलाच्या कडेला क्लॅम्प आणि त्यावर गूजनेक हा वाकवता येणारा दांडा, ही जोडी आता बाद. नुसता मांडलेला पदार्थ टिपायला ती चालते, पण त्याच टेबलावर चिरायला घेतलं की सुरीचा प्रत्येक ठोका क्लॅम्पमधून थेट फोनपर्यंत जातो. गूजनेक जितका लांब, तितका हादरा मोठा. शिवाय फोनच्या वजनाने तो हळूहळू खाली येतो. क्लिपची पहिली आणि शेवटची फ्रेम शेजारी ठेवा, ताटाची कड सरकलेली दिसेल.

सध्याची मांडणी अशी: टेबलाला न टेकणारा लाइट स्टँड, त्यावर नॉब आवळून दांडा पकडणारं ग्रिप हेड, हेडमध्ये आडवा दांडा, दांड्याच्या टोकाला हव्या त्या कोनात फिरणारं छोटं बॉल हेड आणि फोन होल्डर. होल्डरच्या तळाला पाव इंची स्क्रूचं भोक हवं, आणि त्याचे जबडे फोनच्या बाजूच्या बटणांवर येता कामा नयेत.

खरा प्रश्न तोलाचा. फोन आणि होल्डर मिळून ३०० ग्रॅम, स्टँडपासून ५० सेंमी पुढे. मागे दांडा २० सेंमी असेल तर तिथे ३०० × ५० ÷ २० म्हणजे ७५० ग्रॅमची वाळूची पिशवी लागते. दांड्याचं स्वतःचं वजन यात धरलेलं नाही, त्यामुळे फोनची बाजू थोडी जड राहते, आणि तशीच हवी. आता ग्रिप हेडच्या नॉबसमोर उभे राहा: फोन उजव्या हाताला असेल तर तो भार नॉब आणखी आवळतो, डावीकडे असेल तर सैल करत जातो. कितीही करकचून आवळलं तरी दांडा झुकतो, अशी तक्रार असेल तर आधी हे तपासा. स्टँडचा एक पाय नेमका फोनच्या दिशेला ठेवायचा. स्टँड उलटायला लागला तर त्याच बाजूला उलटतो.

मुख्य लेन्सने ५० सेंमी उंचीवरून आडव्या व्हिडिओत साधारण ६० सेंमी रुंद टेबल मावतं. त्याहून जवळ गेलात तर फोनची सावली ताटावर पडू शकते. फोन सपाट खाली बघत असताना आडवं-उभं ठरवताना त्याचा गोंधळ होतो, म्हणून फोन जरा तिरका धरून रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि मगच सपाट करायचा. उकळत्या भांड्यावर वाफ लेन्सवर बसते, चित्र दुधाळ दिसायला लागतं. तो शॉट तिरका बाजूनेच घ्यावा.

मुलाखतीसाठी हाच स्टँड, पण दांडा काढून. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांइतकी, म्हणजे साधारण ११० ते १२० सेंमी उंची पुरते. उभ्या मुलाखतीला स्टँड उंच करताना आधी जाड नळ्या ओढायच्या. सगळ्यात वरची बारीक नळी शक्यतो बंदच ठेवावी, डुलतो तो तिथूनच.