आमची वाटचाल : पानामागे दहा रुपये ते हजार शब्दांमागे सव्वाशे

रत्नागिरीत घरच्या पडवीत टेबल टाकून मी आणि ताईने हस्तलिखितं वाचून अभिप्राय द्यायचं काम सुरू केलं तेव्हा दर ठरवायला अर्धा मिनिटपण लागला नव्हता, पानाला दहा रुपये, झालं. आणि रिपोर्ट म्हणजे काय तर दोन पानं, भाषा ओघवती, निसर्गवर्णन सुंदर, शुद्धलेखन जरा बघा. पहिल्याच लेखकाने फोन करून विचारलं, "मॅडम, ते सगळं ठीक, पण मी आता करू काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. लाज वाटली खरं सांगायचं तर.

खरा धडा मिळाला तो बँकेतून रिटायर झालेल्या एका काकांच्या कादंबरीवर. हापूसची बाग, तीन भाऊ, वाटणीचा वाद. 140 पानं म्हणून 1400 रुपये सांगून बसलो आणि फाईल उघडली तर अक्षर बारीक, ओळींत अंतर नाही, शब्दसंख्या बघितली तर 60 हजार! पहिलं वाचन 7 तास, दुसरं खुणा करत 10 तास, रिपोर्ट लिहायला 7 आणि फोनवर 1, म्हणजे एकूण 25 तास. तासाला 56 रुपये पडले, त्यापेक्षा काजू सोलायला बसले असते तर बरं असं ताई म्हणाली.

पण रिपोर्ट कसा लिहायचा ते तिथेच कळलं. पहिलं वाचन मी पेन बाजूला ठेवूनच करते, फक्त कुठे कंटाळले, कुठे मागे जाऊन परत वाचावं लागलं ते पान लिहून ठेवते. मग रिपोर्टच्या सुरुवातीला पाच-सहा ओळींत 'मला ही गोष्ट अशी कळली' एवढंच लिहिते. काकांना वाटत होतं कादंबरी मधल्या भावाची आहे, मी लिहिलं धाकट्याची. ते चिडले, मग दोन दिवसांनी म्हणाले की बरोबर आहे, मधल्याला मी बोलूच दिलं नाही कुठे. 'वाचताना तुमचं लक्ष नव्हतं' असं म्हणून काका तसेच पुढे गेले असते तर उरलेला रिपोर्ट वाचून उपयोगच नव्हता.

त्याच्यानंतर मोठे मुद्दे, तीनच, जास्तीत जास्त चार. काकांचा पहिला मुद्दा होता की वाटणीचा विषय सातव्या प्रकरणात येतो आणि आधीची सहा नुसतं बालपण. हे माझं एकटीचं मत नको म्हणून चार बीटा वाचकांना, म्हणजे छापायच्या आधी हस्तलिखित वाचून बघणाऱ्या साध्या वाचकांना दिलं, त्यात एक रिक्षावाले दादा होते, एक कॉलेजची मुलगी. त्यांना 'कशी वाटली' असं विचारायचंच नाही, सगळे छान म्हणतात. कुठे वाचन थांबवलं आणि परत कधी उचललं एवढंच विचारायचं. चारपैकी तिघं चौथ्या प्रकरणात थांबले होते. उपाय मात्र तिघांनी तीन सांगितले, एकाला तर तिथे खून हवा होता 😄 म्हणून वाचक अडला ती जागा खरी धरायची, त्याने सुचवलेला उपाय लेखकाला तसाच्या तसा द्यायचा नाही.

शेवटी प्रकरणवार टिपा, पान नंबरासकट. इथेच सापडलं की पाडव्याला मोहोर येतो आणि अक्षय्य तृतीयेला त्याच कलमांच्या पेट्या वाशीला रवाना. महिन्याभरात आंबा! मोहोरापासून फळ उतरवायला साधारण चार महिने तरी जातात, कोकणातला वाचक तिथेच पुस्तक मिटेल. शुद्धलेखन आम्ही रिपोर्टात घेत नाही, जी प्रकरणं पुढे उडणार आहेत त्यातले र्‍हस्व-दीर्घ सुधारून पैसे कशाला घ्यायचे?

आता दर शब्दांवर. तासाला 300 धरले, 25 तासांचे 7500, भागिले 60 हजार, म्हणजे हजार शब्दांना 125. बीटा वाचन वेगळं, चार वाचकांना प्रत्येकी 500 आणि आमच्या जुळवाजुळवीचे 1000. आधी दहा पानं मागवून वाचतो, कारण भाषाच विस्कळीत असेल तर दुसऱ्या वाचनाला दीडपट वेळ जातो आणि तो दर आधीच सांगितलेला बरा, नंतर वाढवला की माणूस दुखावतो. अर्धे पैसे आगाऊ. प्रकाशक मिळवून देऊ असं कोणालाही सांगत नाही, ते आमच्या हातात नाही.

काकांनी दुसरा खर्डा पाठवला तो मिरगाच्या पावसात, लाईट नव्हती म्हणून मोबाईलवरच उघडला. 49 हजार शब्द. बालपणाची चार प्रकरणं गेली होती, मोहोर पौषात सरकला होता. चौथ्या प्रकरणातला विहिरीवरचा प्रसंग मात्र त्यांनी हट्टाने ठेवलाय, फक्त आता तो मधला भाऊ सांगतो.