पाण्यातला मीटर

बेळगाव आणि निपाणी पट्ट्यात गावाच्या पाटीवरून राज्य ओळखू पाहणारा माणूस हमखास फसतो. कर्नाटकातल्या बाचीत आणि तिथून जवळच असलेल्या महाराष्ट्रातल्या शिनोळीत मराठीच बोलली जाते. कौले तशीच, अंगणातली तुळसही तशीच. माझे काम एका मराठी दैनिकाच्या बेळगाव कचेरीत वाचकांनी पाठवलेली छायाचित्रे तपासण्याचे आहे, आणि अशा प्रसंगी मी पाटीऐवजी मीटरपेटीकडे पाहतो. पेटीवर रंगाने ‘आरआर’ हा ग्राहक क्रमांक लिहिलेला असला, तर ते घर हेस्कॉम या वीज कंपनीच्या वहीतले, म्हणजे कर्नाटकातले. महावितरणच्या बिलावर मात्र बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो. कारण साधे आहे. दुकानाची पाटी मालक आपल्या भाषेत लावतो, मीटर मात्र वीज देणाऱ्याच्या पद्धतीने बसतो. हीच नजर एकदा राज्याच्याच नव्हे, तर देशाच्या सीमेपलीकडे न्यावी लागली, त्या दिवसाची ही हकीकत.

पावसाळ्यातली संध्याकाळ होती. एका वाचकाने व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्र पाठवले आणि खाली लिहिले, ‘चिकोडी तालुका, दूधगंगेकाठ, आज दुपारी.’ अरुंद बोळात छातीएवढे तांबडे पाणी, पत्र्याची छपरे, केळीची दोन झाडे आणि डोक्यावर गाठोडे घेतलेली पाठमोरी माणसे, एवढेच त्यात दिसत होते. 2019 च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी थेट महामार्गावर आलेले आमच्या वाचकांनी पाहिले आहे, त्यामुळे असे चित्र कोणालाही खरे वाटले असते. मलाही वाटले. पान लागायला दीड तास उरला होता.

सवयीने मी खांब मोठा करून पाहिला आणि थबकलो. खांबावर गोल मीटर होते, बरणीचे झाकण बसवावे तशी प्रत्येकावर काचेची घुमटी होती. आमच्याकडचे मीटर चौकोनी असतात, तारा खालून टर्मिनलमध्ये शिरतात आणि टर्मिनलच्या झाकणाला सील असते. खात्री करून घ्यावी म्हणून शेजारी राहणाऱ्या निवृत्त लाइनमन मामांना फोन केला आणि चित्र पाठवले.

“हे आपलं न्हवं,” मामा म्हणाले. “तीस वर्षं खांबावर चढलो, खरं असला मीटर कधी हातात आला नाही. ह्याला खालनं वायर कुठं आहे?”

त्यांनी नेमके तेच पाहिले होते. हा अमेरिकी पद्धतीचा सॉकेट मीटर. त्याच्या पाठीला धातूच्या पात्या असतात, त्या मागच्या डब्यातल्या खाचांत दाबून बसवतात आणि बाहेरून एक कडे आवळतात; मीटर काढायचा तर कडे सोडवून तो पुढे ओढायचा. तारा मागच्या डब्यात येतात, मीटरला चिकटत नाहीत, म्हणूनच मामांना खाली वायर दिसत नव्हती. हा मीटर अमेरिका आणि कॅनडात आहेच, शिवाय मेक्सिको, फिलिपिन्स आणि तैवानमध्येही आहे. भारतात घरोघरी तो बसवत नाहीत. त्यामुळे ‘हे चिकोडी नाही’ असे म्हणायला एवढाच पुरावा पुरेसा होता.

तरीही मुख्य उपसंपादकांना नुसता नकार पुरत नाही. त्यांना ‘मग कुठले?’ याचे उत्तर हवे असते, कारण वाचक दुसऱ्या दिवशी तेच विचारतो.

दुसरा धागा रस्त्यावरच्या दिव्याचा होता. दिव्याच्या डोक्याच्या आकारावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. चपटे एलईडी दिवे हल्ली जगभर सारखेच दिसतात आणि एकाच कारखान्यातला माल पाच देशांत लागलेला असू शकतो. पण या दिव्याच्या माथ्यावर बुचासारखा एक छोटा गोल उंचवटा होता. तो फोटोसेल, म्हणजे अंधार पडला की तो दिवा स्वतःच पेटतो. आमच्याकडे सहसा गल्लीतले सगळे दिवे एका पेटीतून, टायमरने किंवा माणसाने येऊन चालू करायचे असतात, म्हणून प्रत्येक डोक्यावर असे बूच नसते. हा पुरावाही पुन्हा अमेरिकी वळणाकडेच बोट दाखवत होता, पण देश वेगळा काढून देत नव्हता. (जर्मनीत काही दिव्यांच्या खांबांवर पांढऱ्या कडांचा लाल पट्टा असतो, आणि तो दिवा रात्रभर जळत नाही असा त्याचा अर्थ असतो. असा एखादा पट्टा मिळाला तर माझे काम एका मिनिटात संपते, पण असे भाग्य क्वचितच लाभते.)

टेलिफोनच्या पेटीने मात्र मला जवळजवळ फसवले. पाण्यात अर्धी बुडालेली फिकट राखाडी पेटी पाहून मला आमच्या रस्त्याकडेचा बीएसएनएलचा पिलर आठवला आणि काही क्षण मी माझ्याच निष्कर्षावर शंका घेतली. वास्तविक राखाडी रंगाला काहीच अर्थ नाही. ऊन आणि पाऊस खाऊन अनेक पेट्या राखाडीच होतात. पेटीवरचे नाव किंवा चिन्ह वाचता आले तरच ती साक्षीला उभी राहते, आणि इथे नाव पाण्याखाली होते.

मग उरलेले देश एकेक करून तपासले. मीटरच्या तबकडीवर वारंवारिता छापलेली असते. भारतात ती 50 हर्ट्झ आहे आणि मेक्सिको, फिलिपिन्स, तैवान या तिन्ही देशांत 60 हर्ट्झ; म्हणजे ती ओळ वाचता आली असती तरी आपला देश बाद झाला असता, ते तिघे एकमेकांपासून वेगळे झाले नसते. तैवानचा खांब बुडाशी काळ्या-पिवळ्या तिरप्या पट्ट्यांमुळे ओळखू येतो, पण या खांबाचे बूड पाण्यात होते. मेक्सिकोत मीटर साधारणपणे घराच्या दर्शनी भिंतीवर, रस्त्यावरून वाचता येईल असा लावतात. इथे मात्र एकाही भिंतीवर मीटर नव्हता. आठ-दहा मीटर एकाच खांबावर, माणसाच्या डोक्याच्या बरेच वर, घोसासारखे टांगलेले होते आणि त्यांतून प्रत्येक घराकडे वेगळी सर्व्हिस वायर गेली होती. ही मांडणी मनिला परिसरातल्या दाट वस्त्यांत दिसते. आकडे टाकणे आणि मीटरशी खेळ करणे अवघड व्हावे म्हणून तिथे मीटर हाताच्या आवाक्याबाहेर नेले आहेत.

मी टिपण लिहिले: ‘भारत नाही, हे नक्की. फिलिपिन्स, बहुधा.’ या दोन वाक्यांतला फरक मी मुद्दाम राखला, कारण पहिले वाक्य मीटरच्या बनावटीवर उभे होते आणि दुसरे केवळ तो टांगण्याच्या पद्धतीवर. चित्रावरून इंटरनेटवर मूळ चित्र शोधून काही हाती लागले नव्हते, कारण ते कापलेले होते. आता देशाचे नाव जोडून पुराच्या जुन्या चित्रांत शोधले, तेव्हा वीसेक मिनिटांनी तेच दृश्य रुंद चौकटीत सापडले; त्यात उजव्या कडेला, कापून टाकलेल्या भागात, फिलिपिन्समधली रंगीबेरंगी प्रवासी गाडी, जीपनी, अर्धी बुडून उभी होती. टिपणातला ‘बहुधा’ मी खोडला. दरम्यान संबंधित ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांनीही फोनवर सांगितले की नदी पात्रातच आहे. पाठवणाऱ्याला कळवले तेव्हा त्यालाही ते कुणीतरी पुढे पाठवलेले चित्रच निघाले.

रात्री घरी येताना मामा कट्ट्यावर बसलेले होते. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून ते चित्र पुन्हा निरखले आणि त्यांना पुरापेक्षा भलतीच चिंता लागलेली दिसली.

“एवढ्या वर टांगलंय ते ठीक, पाण्यात जळायचं नाही,” ते म्हणाले. “खरं मला सांगा, महिन्याला रीडिंग कोण घेतो हो ह्याचं? शिडी घेऊन फिरतो की काय माणूस?”